सुनेच्या गुडघ्याआधी झालेला कागद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. निरवांगीच्या शाळेत चौथी झाले, मग खुरपं हातात आलं. वाचता चांगलं येतं, रोज वर्तमानपत्र वाचते, पण शाळेच्या कामात मी कधी तोंड घातलं नव्हतं. सुनेच्या गुडघ्यामुळे घालावं लागलं.

माझी सून शाळेत खेळाची बाई आहे. आम्ही जळोचीत राहतो आणि तिची शाळा इंदापूरच्या रस्त्याला. रोज स्कूटीवर जायची. पोरींना खो-खो शिकवताना तिचा उजवा पाय मुरगळला आणि गुडघ्यातली दोरी तुटली. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन करा, लांबवाल तर आतली गादीही झिजेल. ही चार महिने लांबवत होती. जिना चढताना भिंत धरायची आणि मी बघितलं की हात सोडायची.

कारण पैशाचं नव्हतं, सुट्टीचंही नव्हतं. आदल्या वर्षी ही भावाच्या लग्नाला आठ दिवस गेली होती. तिच्या तासाला दुसऱ्या बाईंना पाठवलं. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं, त्यांनी पोरांना "काय खेळायचं ते खेळा" म्हटलं आणि खेळाच्या सामानाच्या कपाटाची किल्ली दिली. पोरांनी लोखंडी गोळा काढला. एका पोरीच्या पायाच्या बोटावर पडला आणि हाड मोडलं. पोरीची आई शाळेत आली ती माझ्या सुनेलाच बोलली, गोळा पडला तेव्हा सून तिथं नव्हती तरी. मुख्याध्यापकांनी यंदा सांगून टाकलं, तुम्ही सुट्टीवर गेलात तर खेळाचा तास बंद, त्या वेळात गणित घेऊ. नाहीतर असा कागद लिहून द्या की कुणीही तास घेईल आणि कुणाला लागणार नाही. एकदा तो शाळेत, तुमच्याशिवाय, चालवून दाखवा, मग सही करतो.

दोन महिने पोरं बाकावर बसणार, हे तिला पटत नव्हतं. कागद झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

एका रविवारी तिनं कागद लिहून काढला. चार पानं. मी शेंगा फोडत बसले होते.

"आत्या, वाचता का जरा?" ती म्हणाली. आमच्याकडे सुना सासूला आत्या म्हणतात.

मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. "गतिमान ताणाचे व्यायाम, सात मिनिटे. त्यानंतर एकेरी साखळीचा सराव. त्यानंतर खांबावर झेप." मी थांबले. "झेप कुणी घ्यायची? बाईंनी?"

"मुलं घेतात. बाईंनी फक्त लक्ष द्यायचं."

"कशावर लक्ष द्यायचं? पोरगं बरोबर पडलं का चुकीचं पडलं, ते त्या बाईला कसं कळायचं?"

ती म्हणाली, "नाही कळणार."

"तुज्या जागी कोण येणार हाय?"

"मराठीच्या बाई. दोन वर्षांनी रिटायर होतील. सहावारी नेसतात, पाय दुखतात."

"मग ही चार पानं त्या वाचतील तवर तास संपंल. त्यांना काय जमतंय ते लिही. तुला काय येतंय ते दाखवू नकोस."

हे तिला लागलं. तोंड फुगवून तिनं तिसरं आणि चौथं पान फाडलं. दुसरं मी फाडायला सांगितलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही परत बसलो. तिचं म्हणणं होतं, पोरांना नवीन काही शिकवायचं नाही हे ठीक, पण नुसत्या मैदानाला फेऱ्याही नकोत. मीच फेऱ्या सुचवल्या होत्या. "पळणं ही शिक्षा वाटली की पोरं खेळाला कंटाळतात, आत्या." मला ते पटलं नाही, आम्ही पळालोच की विहिरीपर्यंत घागरी घेऊन. पण शाळा तिची, मी सोडून दिलं.

शेवटी पोरांना आधीच येणारे दोन खेळ ठेवले. एक विष-अमृत. ज्याच्यावर राज्य तो शिवला की विष, मग आहे तिथं खाली बसायचं, दुसऱ्यानं हात लावून अमृत दिलं की उठून परत पळायचं. कुणी बाद होत नाही, त्यामुळे कुणी भिंतीला टेकून मस्ती करत बसत नाही. दुसरा, जोडीजोडीनं चिंध्यांचा चेंडू फेकायचा आणि झेलायचा. चिंध्यांचे चेंडू मी माझ्या जुन्या पातळाचे शिवून दिले. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात, असं तिनं सगळ्यात वर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, लिहिलंय ते खरं होतंय का बघू. गल्लीतल्या सहा पोरी अंगणात गोळा केल्या. सून ओट्यावर पाय लांब करून बसली आणि बोलायचं नाही असं मी तिला बजावलं. कागद माझ्या हातात.

कागदात होतं, "भिंतीपासून दहा पावलांवर रेघ मारा, मुलांनी रेघेपर्यंत पळावे." मी दहा पावलं मोजली, पांढऱ्या फक्कीनं रेघ मारली आणि टाळी वाजवली. पोरी पळाल्या. रेघेवर काही थांबल्या नाहीत, पळणारं माणूस रेघेवर कधी थांबतं? शेजारची मोठी पोरगी थेट भिंतीवर गेली आणि दोन्ही तळहात खरचटून घेतले.

"रेघ किती जवळ मारलीत, आत्या," सून ओरडली.

"कागदात दहा पावलं लिवलीत. मी दहा टाकली."

तिनं माझ्या पायांकडे बघितलं. तिची पावलं उंट चालावा तशी. माझं पाऊल वीतभर. मराठीच्या बाईंचंही तसंच असणार, पायात साडी आणि गुडघ्यात वात. तिनं कागदावरची सगळी पावलं खोडली.

त्याच्या जागी तिनं मैदानावरच्या हलत नाहीत अशा खुणा लिहिल्या. "झेंड्याच्या खांबापासून दुसऱ्या कडुलिंबापर्यंत एवढीच जागा. भिंतीकडे तोंड करून कधीही पळवू नये. नेहमी भिंतीकडून मोकळ्या बाजूला." पोरीच्या तळहाताला मी पाणी लावलं, हळद लावली आणि चार शेंगदाण्याचे लाडू दिले. तिच्या आईला स्वतः जाऊन सांगितलं. ती म्हणाली, हितं रोजचंच हाय.

मग खुर्चीवरून आमचं भांडण झालं. सुनेनं लिहिलं होतं, शिक्षकांनी तासभर उभे राहून फिरते लक्ष ठेवावे. मी म्हटलं, "खोटं लिवू नकोस. त्या बसणार. शाळेत खुर्ची कुठं टाकत्यात?"

"लिंबाखाली, सावलीला. तोंड रस्त्याकडे, गाड्या बघत. गेल्या वर्षीच्या बाई तशाच बसल्या होत्या."

"आणि पोरं?"

"मागं."

"मग खुर्ची कुठं टाकायची तेच लिही."

ती हसली. चार महिन्यांत मी तिला तशी हसताना बघितली नव्हती. तिनं लिहिलं, "खुर्ची भिंतीला टेकून, झेंड्याशेजारी, तोंड मैदानाकडे. एकही मूल पाठीमागे नको. सकाळी नऊपर्यंत तिथं सावली असते." तास सकाळचाच होता, नऊच्या आत संपायचा.

असं करत एक पान झालं. सुरुवातीला पोरं मोजा. ओढण्या कमरेला बांधा, कानातल्या लोंबत्या रिंगा काढून दप्तरात ठेवायला सांगा. पाच मिनिटं चाला, जागेवर पाय उचला, हात फिरवा. शिवताना खांद्याला किंवा हाताला, पाठीत ढकलायचं नाही. एक टाळी म्हणजे थांबा, दोन टाळ्या म्हणजे खाली बसा. मध्ये पाणी. ज्याला खेळायचं नाही त्यानं गुण लिहावेत, जबरदस्ती नको. कुणी पडलं आणि उठत नसेल तर उचलू नका, दोन मुलांना ऑफिसात पाठवा. शेवटी हळू चाला आणि परत मोजा. खाली तब्येतीची यादी, तीन नावं, प्रत्येकापुढं त्रास झाला तर काय करायचं ते एक, दोन, तीन असं, घरच्यांच्या चिठ्ठ्या ऑफिसात.

ते मी एका दमात वाचलं. कुठं अडले नाही.

शुक्रवारी मुलानं आम्हा दोघींना गाडीतून शाळेत नेलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी डबा द्यायच्या निमित्तानं गेले. मुख्याध्यापकांनी सुनेला ऑफिसात बसवलं आणि खिडकीचं दार लावून घेतलं. "तुम्ही दिसलात की मुलं तुमच्याकडे बघणार, आणि तुम्ही खुणा करणार," ते म्हणाले. ते बरोबरच होतं.

मराठीच्या बाई कागद घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझं काही खरं नाही हो, मला शिट्टीसुद्धा वाजत नाही."

"शिट्टी नाहीच आहे, बाई. टाळ्या आहेत," सून म्हणाली.

सुरुवातीला नुसता आवाज येत होता. पोरं ओरडत होती, हसत होती. सून घड्याळाकडे बघून पुटपुटत होती, आता चालतायत, आता विष-अमृत. मग दोन टाळ्या ऐकू आल्या आणि सगळं एकदम शांत झालं. पाण्याची वेळ झाली नव्हती. सून गुडघा विसरून उभी राहिली.

"बसा," मुख्याध्यापक म्हणाले.

"सर, काहीतरी झालंय."

"मी आहे ना. बसा."

दोन पोरी दारात आल्या. पळत नाही, चालत. त्यातली एक म्हणाली, "सर, बाईंनी सांगितलंय, सातवीतल्या एकीला धाप लागलीय. तिला सरळ बसवलंय, तिच्या दप्तरातला दम्याचा पंप दिलाय. बाकीची सगळी खाली बसलीत. तुम्ही या."

मुख्याध्यापक गेले. सून माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी तिला काही समजावलं नाही. समजावून काय होणार होतं. यादीत त्या पोरीचं नाव पहिलं होतं आणि पंप दप्तरात, दप्तर खुर्चीपाशी, हे आम्ही दोघींनी बसून लिहिलं होतं. लिहिलेलं कुणी वाचलं असेल का, एवढाच प्रश्न होता.

पंधरा मिनिटांनी ते परत आले. "धाप थांबली. तिच्या आईला फोन केलाय, ती येतीय न्यायला. तोवर बाईंच्या जवळ बसवलंय." मग कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "बाकीच्या पोरांचा चेंडूचा खेळ सुरू झाला परत."

मराठीच्या बाई तास संपवून आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या. "सगळी मोजून वर्गात सोडली," त्या म्हणाल्या. "तो पंप मी आधी कधी हातात धरला नव्हता. पण कागदात होतं तसंच करत गेले, एक, दोन, तीन."

"काही बदलू का?" सुनेनं विचारलं.

"अक्षर मोठं करा. चष्म्यातूनही दिसत नाही."

मुख्याध्यापकांनी सही केली. शिक्का मारताना शाईची गादी वाळलेली निघाली, तिच्यावर पाणी शिंपडून मारला. गणिताचं नाव त्यांनी काढलं नाही.

गाडीत बसल्यावर सुनेनं डॉक्टरांकडे फोन लावला. पलीकडच्या बाईनं सोमवारी ऑपरेशनला याल का, असं विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतीस, हो म्हण. ती हो म्हणाली.