सभ्य भाषेत विचारा

बाळंतिणींसाठी केलेल्या चॅटबॉटमध्ये स्तनपानाचे प्रश्न अश्लील म्हणून अडवणारा फिल्टर मी बसवला. स्वतःच्या हाताने, आणि वर पेढे वाटले.

नाशिकमधल्या गंगापूर रोडवरच्या एका प्रसूतिगृहाचं हे काम होतं. घरी गेलेल्या बायकांनी फोनवरून प्रश्न विचारायचे आणि चॅटबॉटने उत्तरं द्यायची. नंबर डिस्चार्ज कार्डावर छापलेला. पहिल्याच आठवड्यात कुठल्या तरी टवाळांनी त्यावर घाण घाण मेसेज पाठवले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बंदोबस्त करा."

मी केला. आत येणाऱ्या प्रत्येक मेसेजला अश्लीलतेचे गुण देणारा फिल्टर लावला. शून्य म्हणजे साधा, एक म्हणजे घाण. किती गुणांना अडवायचं ते माझ्या हातात होतं. मी रेषा अगदी खाली ओढली, म्हणजे जराशी शंका आली तरी मेसेज अडणार. मग मित्राला बसवून येतील तेवढ्या शिव्या टाइप करायला लावल्या. एकही सुटली नाही! साध्या मेसेजांवरही चाचणी घ्यायची असते, हे मला सुचलंच नाही. दाराला कुलूप लावून चोर आला नाही म्हणून मी खूश. घरातलेही बाहेरच उभे आहेत, याचा पत्ता नव्हता.

पत्ता लागला तो हेडसिस्टरांच्या फोनने. "ये जरा. आत्ता."

नांदगावकडची एक मुलगी परत आली होती, पहिलं बाळंतपण. अंगात ताप, एका बाजूला छाती दगडासारखी. तिने सिस्टरांना फोन दाखवला. ‘स्तनात गाठ झाली, दुखतं, बाळाला पाजू का’ असं तिने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच : ‘कृपया सभ्य भाषेत विचारा.’

"मला वाटलं, माझंच काही तरी वंगाळ लिहून झालं," ती म्हणाली. "मंग नाय विचारलं. पाजणंबी बंद केलं त्या बाजूनं."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "दोन दिवस घरात बसली पोर. पाजणं थांबवल्यानं आणखी तुंबलं. ही लाजून आलीच नसती, तर?"

 तिला औषधं सुरू झाली, पाजणंही. पण पुढच्या बाईचं काय? त्याच रात्री मी फिल्टरची रेषा वर नेली, आणि सकाळी सिस्टर आपली वही घेऊन बसल्या. बायका फोनवर खरोखर काय विचारतात ते त्यात त्यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं. एकेक प्रश्न त्या सांगत, मी टाइप करत असे.

"मोठ्याने वाच, काय लिहिलंस ते."

"त्या... त्या भागाला चीर पडली..."

"कुठल्या भागाला? नाशिक रोडला?"

सगळे प्रश्न पार झाले. मात्र टवाळांचे जुने मेसेज टाकून पाहिले, तर त्यांतले दोन सुटले. चॅटबॉटने त्या इसमांना स्तनपानाचे फायदे समजावून सांगितले होते. मी रेषा पुन्हा खाली आणायला निघालो, तर सिस्टरांनी हात धरला. "राहू दे. त्यांना कळले फायदे, बिघडलं काय?"

मग त्यांनी स्वतः एक प्रश्न टाकला : ‘चार महिन्यांच्या बाळाला खोकला आहे, घरगुती काय द्यावं?’ चॅटबॉट गोड भाषेत उत्तरला : थोडा मध चाटवा. माझ्या फिल्टरने प्रश्नाला शून्य गुण दिले; उत्तर तो तपासतच नव्हता. इतका सभ्य मेसेज दिवसभरात आला नव्हता!

सिस्टरांचा चेहरा उतरला. "वर्षाच्या आतल्या बाळाला मध? विषबाधा होऊ शकते रे. आणि हे तू अडवत नाहीस?"

तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. मी पहारा चुकीच्या दाराशी बसवला होता. आत येणाऱ्या प्रश्नांना ढिलाई दिली. संशय आला तरी अडवायचं नाही, उत्तर द्यायचं आणि मेसेज सिस्टरांच्या यादीत टाकायचा. बाहेर जाणाऱ्या उत्तरांवर मात्र दुसरा, कडक फिल्टर लावला. औषधाचं प्रमाण, तान्ह्याला मध किंवा पाणी, अंगातला ताप, यांतलं काही दिसलं की उत्तर थांबवायचं. चांगली उत्तरंही त्यात अडकणार होती. पण तिथे बाईला ‘हे सिस्टरच सांगतील’ एवढं वाक्य आणि वॉर्डाचा फोन मिळतो. एक फोन जास्त, एवढंच नुकसान. ‘सभ्य भाषेत’ ही ओळ सिस्टरांनी समोर बसून पुसायला लावली.

दीड महिन्याने ती मुलगी लशीसाठी आली. बाळ गुटगुटीत. सिस्टरांनी मला मुद्दाम पुढे ढकललं. "विचार तिला, आता चालतंय का?"

मी घसा साफ केला. "म्हणजे... आता ते... तुम्हाला जे... त्या बाबतीत विचारायचं असतं, ते..."

मुलीने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सिस्टरांना म्हणाली, "मशीन सुधारलं हो सिस्टर. ह्यांचं तेवढं राहिलंय."