अज्ञात सैनिक हवा आहे

बुबुसारा आपा चाळीस वर्षं एका रिकाम्या थडग्याची झाडलोट करत होती. ते रिकामं आहे हे साझ-बुलाक गावात तिच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते भरलं तेव्हा ती शेजारी बादली घेऊन उभी होती. पंचाहत्तर साली फतवा निघाला, की प्रत्येक जिल्ह्यात अज्ञात सैनिकाचं थडगं हवं. महायुद्धातली लढाई तर आमच्या किर्गिझ डोंगरांपासून हजारो मैलांवर झालेली. मग रणभूमीची पवित्र माती आणायला एक माणूस पाठवला. तो राजधानीपर्यंत गेला, तिथे त्याला दोस्त भेटले, आणि आठवड्याने बरणी भरून परतला. बरणीत आमच्याच नदीचे गुळगुळीत गोटे दिसत होते. तरी सगळ्यांनी टोप्या काढल्या, भाषणं झाली आणि गोट्यांना बंदुकांची सलामी मिळाली. थडग्यापुढची अखंड ज्योत दर नऊ मेला, विजयदिनी, पेटायची आणि गॅसची टाकी संपली की विझायची. तिची अखंडता साधारण चाळीस मिनिटांची होती.

आपाचा स्वतःचा बाप सागिम्बाय तिच्या जन्माआधी दोन महिने लढाईवर गेला. बेचाळीस साली घरी कागद आला: बेपत्ता. मेला म्हणून कागद आला असता तर आईला विधवेचा मान मिळाला असता. बेपत्ता म्हणजे कदाचित कैदी, कदाचित फितूर, आणि गावाच्या जिभेला काय, हाड थोडंच असतं! आई ते ऐकतच म्हातारी झाली आणि मेली. तिच्या कबरीशेजारची जागा आपाने कोणाला घेऊ दिली नाही. बाप सापडेल आणि तिथेच निजेल, एवढाच तिचा हट्ट होता.

विजयाच्या सत्तराव्या वर्षी, मार्चमध्ये, रशियातल्या त्वेरहून फोन आला. गेन्नादी नावाचा माणूस होता. सुट्ट्या घालवून दलदलीत मेलेले सैनिक शोधणाऱ्यांच्या पथकाचा तो म्होरक्या. लांब लोखंडी सळई चिखलात खुपसायची आणि लागलं ते लाकूड, दगड की हाड हे आवाजावरून ओळखायचं, ही त्याची तीस वर्षांची विद्या.

"आपा, एक जण सापडलाय," तो म्हणाला. "जवळ चमचा होता. त्यावर जुन्या लिपीत कोरलंय, सागिम्बाय, साझ-बुलाक."

आपाला फोनवरच रडू फुटलं.

"थांबा, एवढ्यात रडू नका. चमचा म्हणजे पुरावा नव्हे. चमचे उसने जातात, मेलेल्याचा चमचा जिवंत माणूस उचलतो. खरी ओळख गळ्यातल्या काळ्या नळीत. आत कागद असतो, त्यावर नाव, गाव, घरच्यांचा पत्ता. आम्ही नळी जागेवर उघडली नाही, ओला कागद हवेत भुगा होतो. प्रयोगशाळेत पाण्याखाली सुयांनी उलगडला."

"मग?"

"कोरा."

"कोरा कसा?"

"नाव लिहिलं की मरण पत्ता शोधत येतं, असं पोरं मानायची. अर्ध्यांनी कोरेच ठेवले."

"मरण काय वाचता येणारं होतं होय?" आपा रडता रडता चिडली. "शहाण्याने मरण चुकवलं नाही, मुलगी मात्र चुकवली!"

गेन्नादीने लष्कराच्या दफ्तरातून त्या पलटणीची यादी काढली होती. सागिम्बाय त्याच पलटणीत, त्याच जंगलात, त्याच आठवड्यात बेपत्ता. बरंच जुळत होतं, पण शिक्का मारण्याइतकं नाही. आता आपाने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाठवायची, हाडाशी ताडून निकाल यायला ऑगस्ट उजाडणार. तोवर कागदावर तो अज्ञात. अज्ञातांना तिथेच सगळ्यांसोबत एका खड्ड्यात पुरतात. पण चमचा किर्गिझ, म्हणून गेन्नादी हाडं आमच्या जिल्ह्याच्या स्वाधीन करायला तयार होता.

जिल्ह्याचा अकीम, म्हणजे प्रमुख, एसेनकुल हे ऐकून हरखला. सत्तरावा विजयदिन, प्रांताचे साहेब येणार, टीव्हीवाले येणार, आणि चाळीस वर्षांनी थडग्याला खरोखरचा मुडदा! तो मेंढीची मांडी घेऊन आपाच्या दारात हजर झाला.

"आपा, त्याला आपण थडग्यात ठेवू. वर नवी शिळा, संगमरवरी."

"माझ्या आईशेजारी ठेव."

"नाव लागलं तर तो तुमच्या एकटीचा होईल. अज्ञात राहिला तर सगळ्या जिल्ह्याचा बाप!"

"आख्ख्या जिल्ह्याचा बाप व्हायला त्याला लढाईवर कशाला जावं लागलं असतं रे?"

एसेनकुल ओशाळला, पण हटला नाही. "कागद कोरा आहे. कायद्याने तो अज्ञातच."

"आणि ऑगस्टमध्ये ओळख पटली तर?"

"शिळा बसली की उघडायला राजधानीची परवानगी लागते."

"म्हणजे ओळख पटायच्या आत पुरायची घाई. एसेनकुल, तुझ्या बारशाला जेवलेय मी. तेव्हा बरा होतास."

तो गेला. मांडी तिने कुत्र्याला घातली.

नऊ मेला लाल कापडाने मढवलेली लहानशी पेटी आली. सोबत गेन्नादीच्या पथकाचा कागद: सापडल्याची जागा, हाडांची मोजणी, वस्तू, आणि शेवटी "ओळख निश्चित नाही". शिळा दोरखंडाला टांगून तयार होती. प्रांताचे साहेब वीस मिनिटं बोलले, कोणाला ठाऊक नसलेल्या या वीराला आपण सगळे ओळखतो वगैरे. ज्योत पेटली. पेटी उचलली गेली.

आणि आपा झाडू टाकून पेटीशी गेली, गुडघ्यांवर बसली, आणि तिने कोशोक धरला.

आमच्यात बाया मेलेल्याला गाऊन रडतात. त्याचं नाव घेतात, बापाचं घेतात, मग आजा, पणजा, सात पिढ्यांपर्यंत जातात. आपाने सागिम्बायच्या सात पिढ्या घेतल्या, एकही न चुकता, त्र्याहत्तर वर्षांचा साठलेला राग आवाजात घेऊन. "बाप असून मी बिनबापाची वाढले, माझ्या आईला त्यांनी फितुराची बाई म्हटलं," असं ती गात होती. म्हाताऱ्यांच्या माना खाली गेल्या. त्यातल्या कित्येकांच्या आयांनीच ते म्हटलं होतं.

टीव्हीवाल्यांनी कॅमेरा वळवला. एसेनकुल कुजबुजला, "माती टाका, लवकर!"

सगळ्यात थोरला म्हातारा जागचा हलला नाही. "ज्याला नावाने रडलंय, त्याला बेनाव पुरायचं? माझ्या हातून नाही होणार." बाकीच्यांनी फावडी खाली ठेवली.

शिळा दोरखंडाला लोंबत राहिली. साहेबांना एकाएकी दुसरं काम आठवलं. पुरुषांनी पेटी उचलून कबरस्तानात नेली आणि सागिम्बाय बायकोशेजारी निजला. बायांनी कबरस्तानात जायचं नसतं, म्हणून जिने त्याला मिळवलं ती घरात भिंतीकडे तोंड करून बसली.

ऑगस्टमध्ये पाकीट आलं. बुबुसाराचं आणि त्या हाडांचं काही नातं नव्हतं.

एसेनकुल त्याच संध्याकाळी आला, चेहरा लांब, पण डोळे चमकत होते. "वाईट झालं, आपा. पण आता तर तो खराखुरा अज्ञात! कागदोपत्री सिद्ध झालेला! काढायचा?"

"माती दिलेला माणूस उपटायला तो काय मुळा आहे?"

"पण कबरीवर नाव खोटं आहे!"

आपाने पाकिटातला कागद पुन्हा घडी करून ठेवला. बाप पुन्हा हरवला होता आणि या खेपेला तीच दुसऱ्याला त्याच्या नावाने रडली होती. तिला त्या परक्या पोराचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या आईशेजारी कोणाचा तरी बाप निजला होता, आणि कुठेतरी कोणीतरी त्याच्यासाठी जागा राखून बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाथरवटाला बोलावलं.

"बापाचं नाव राहू दे," ती म्हणाली. "त्याच्याखाली एक ओळ तासून गुळगुळीत कर."

"काय कोरू?"

"काही नाही. याची मुलगी आली तर तिला जागा लागेल."