सही घेतल्याशिवाय पुडा नाही

माझी वच्छला आत्या नागपूर जिल्ह्यात कुहीकडच्या एका खेड्यात अंगणवाडी चालवायची. एकोणीस वर्षं चालवली. मी तिची नक्कल करते तेव्हा पदर खोचते, उजवा हात हवेत नाचवते आणि ओरडते, "ए गुंड्या, वजनकाट्यावर उड्या काहून मारून राहिला बे!" घरात सगळे हसतात. सगळ्यांत जास्त आत्याच हसते.

दोन वर्षांपूर्वी अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या जागा निघाल्या. आत्या चव्वेचाळीस वर्षांची. पुढची भरती निघेपर्यंत ती वयाची अट ओलांडून गेली असती, म्हणजे ही संधी पहिली आणि शेवटची. आणि परीक्षा कॉम्प्युटरवर. आत्याला मोबाइलवर मुलांची वजनं भरता यायची, पण माउस तिनं आयुष्यात धरला नव्हता.

मग दर रविवारी ती सकाळच्या एसटीनं नागपूरला आमच्याकडे यायची आणि आम्ही दोघी सदर भागातल्या भैयाजींच्या कॉम्प्युटर सेंटरवर जायचो. भैयाजी म्हणजे तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि वाक्यात अर्धी हिंदी. आठ कॉम्प्युटर, त्यावर सरावाच्या परीक्षा. पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीतला बळीराम नावाचा पोलीस भरतीवाला म्हणाला, "काकू, पोरीचा फॉर्म भराले आल्या का?"

"नाही गा बाबू. तुह्यासंगं पेपर सोडवाले आली. पाहू कोणाचे जास्त येते."

शंभर प्रश्न, दोन तास. आत्यानं छप्पन्न मिनिटांत सगळं उरकलं आणि ऐटीत हात झटकले. निकाल आला: उत्तरं दिलेले प्रश्न एकसष्ट, गुण चौतीस.

"एकसष्ट कसे? म्या सगळे सोडवले!"

भैयाजींनी खर्रा गालात सरकवला. "मॅडम, सोडवले ना, सेव्ह कुठं केले? तुम्ही पर्यायावर टिचकी मारली आन् सीधा बाजूच्या नंबरांवर उडी. नंबरावरून उडी मारली का उत्तर गायब. खाली 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबाले लागते."

आत्याला राग आला. तो मला अजून जसाच्या तसा काढून दाखवता येतो. "आमच्या रजिस्टरात असं नसते. पान पलटलं म्हणून काय अक्षर पुसते?"

तिचं म्हणणं खरं होतं. एकोणीस वर्षं ती घरांच्या क्रमानं फिरत होती, रजिस्टरच्या नाही. आधी बाविसावं पान, मग तिसरं, मग एकेचाळिसावं. लिहिलं की झालं. तीच सवय तिनं पडद्यावर चालवली होती.

दुसरा घोळ उताऱ्याचा. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात उतारा, उजव्यात प्रश्न. उतारा गावच्या तलावाचा होता आणि आत्याच्या मते गावाला तलाव हवाच होता. पाचपैकी चार चूक. भैयाजींनी उताऱ्याच्या कडेची बारीक पट्टी खाली ओढली. खालून आणखी दोन परिच्छेद वर आले. त्यातला पहिलाच शब्द 'परंतु'. गावानं तलावाला विरोध केला होता.

"अर्ध्या गावाचं ऐकून आली मी," आत्या पुटपुटली.

एसटीत चढताना मात्र तिचा चेहरा उजळला होता. "पोरी, घरपोच आहाराचा पुडा देताना मी काय करतो? आधी सही. सही घेतल्याशिवाय पुडा नाही, मंग सरपंचाची सून का असेना. तसंच हे बटन. आधी सही, मंग पुढचं घर."

पुढच्या रविवारपासून सेंटरमध्ये दर मिनिटाला बारीक आवाज: "सही." टिचकी. "सही." बळीराम वैतागला. "काकू, तलाठी ऑफिस आहे का हे?"

राखून ठेवलेल्या प्रश्नांचंही तिनं तसंच बसवलं. अडलेल्या प्रश्नाला 'मार्क फॉर रिव्ह्यू' दाबलं की त्याचा नंबर जांभळा होतो. नुसता जांभळा म्हणजे खूण आहे, उत्तर नाही, गुणही नाही. पण पर्याय निवडून खूण केली तर जांभळ्यावर हिरवा ठिपका येतो आणि ते उत्तर धरलं जातं. आत्याच्या भाषेत नुसता जांभळा म्हणजे कुलूप लावलेलं घर, आणि ठिपक्याचा म्हणजे सही झाली, फक्त बाळाचं वजन पुन्हा करायचं. चुकीला गुण कापत नव्हते, म्हणून तिनं नेम केला: कुलूप कुठंच ठेवायचं नाही.

डोळ्यांवर मात्र नेम चालेना. सत्तराव्या प्रश्नानंतर ओळी तरंगायच्या, पाणी यायचं. चष्मा जवळचा, रजिस्टर वाचण्यापुरता होता, म्हणून ती मान पुढे काढून पडद्याला नाक लावायची. भैयाजींनी सांगितलं, "हातभर दूर बसा, आन् त्या अंतराचा नंबर काढून आणा." तिनं आणला. थोडं बरं झालं, पण लांब उताऱ्यात पुन्हा तेच.

तेव्हा माझे आजोबा, दादाजी, बोलले. त्यांनी उमरेडला तीस वर्षं हातमाग चालवला. "वच्छे, तू पापणी नाही हलवत. एक वीत विणलं का मी समोरचा कडुलिंब पाहाचो, पानं दिसेपर्यंत. मंग डोळे मिचकवाचो, मंग दुसरी वीत. म्हणून तर अजून सुईत दोरा ओवतो."

आत्यानं उताऱ्याची वीत केली. उतारा आणि त्याचे प्रश्न संपले की सेंटरच्या दारातून रस्त्यापलीकडची पाटी पाहायची, वीस आकडे मोजायचे, दहा वेळा पापण्या मिटायच्या, मग पुढची वीत. पाचव्या सरावात गुण शहात्तर. बळीरामनं स्वतःचा पडदा हातानं झाकला.

खऱ्या परीक्षेचं आत्यानं सांगितलं तसं सांगते. खिडक्यांना जाड पडदे. दूरचं म्हणून तिला सापडलं ते शेवटच्या भिंतीवरचं घड्याळ. दुसऱ्या उताऱ्यानंतर तिनं तिकडे पाहिलं तर पर्यवेक्षक बाई आल्या. "मॅडम, इकडेतिकडे बघू नका. पुन्हा बघितलं तर नाव लिहून घेईन."

"मी पाहून नाही राहिली मॅडम, डोळ्याले आराम देऊन राहिली."

"आपल्या स्क्रीनवर आराम द्या."

नाव लिहिलं तर सगळं संपलं. आत्यानं एक क्षण विचार केला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढं दादाजींचा कडुलिंब आणला आणि वीस मोजले. पुढच्या प्रत्येक उताऱ्यानंतर तेच. बाईंना वाटलं असेल, ही झोपली.

शेवटची नऊ मिनिटं उरली तेव्हा अकरा नंबर जांभळे होते, सगळे ठिपक्याचे. ती एकेका घरी परत गेली. सत्त्याऐंशीव्या प्रश्नाला उताऱ्याची पट्टी तिनं पार तळाला ओढली आणि शेवटच्या ओळीत तिला 'मात्र' सापडला. पर्याय बदलला. पडद्यावरच्या घड्याळात अठ्ठावीस सेकंद उरले होते. "सही," ती मोठ्यानं म्हणाली आणि बटन दाबलं.

निवड यादी लागली त्या दिवशी आत्या आमच्याकडेच होती. यादी मी उघडली. पडद्यावर तीस नावं. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. वच्छला नव्हती. मला कोणाचाही आवाज काढता येतो, पण त्या वेळी स्वतःचा निघेना. कसंबसं म्हटलं, "आत्या, नाही गं."

आत्यानं चष्मा पुसला, हातभर मागं सरकून बसली आणि माउस माझ्या हातातून काढून घेतला.

"अर्धं गाव पाहून बोलू नको वं," ती म्हणाली आणि पट्टी खाली ओढली.

अडतिसावं नाव तिचं होतं.