दगडावर लिहिलेली वेळ

मी दोन वर्षं लोकांच्या शिव्या पगारी खाल्ल्या. जालना रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणाऱ्यांच्या तक्रारी तिथं यायच्या. आता तसले खेळ कायद्यानंच बंद झालेत, मला त्याचं काडीचंही दुःख नाही. पण तेव्हा पडेगावच्या आमच्या दोन खोल्यांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, बाबांचं काम सुटलं होतं आणि आमच्या घरात कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसून कमावणारी मी पहिलीच. नोकरी टिकवणं हाच माझा धर्म होता.

तक्रारी बहुतेक एकाच जातीच्या. डाव चालू असताना नेट गेलं. त्यावर आमच्याकडे दोन तयार उत्तरं होती. नेट तुमचं गेलं असेल तर डाव तुमच्याशिवाय पुढं चालतो, हरलात तर हरलात. आणि बिघाड आमच्या सर्व्हरचा असेल तर नियमावलीतलं एक वाक्य: बिघाड झाल्यास सर्व डाव आणि सर्व देणी रद्द. मग भरलेली प्रवेश फी परत, जिंकलेलं काही नाही. दोन्हीकडून गिऱ्हाईकच बुडतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कळून मी काय केलं? उत्तरं पाठ केली.

त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात एका दुपारी खुलताबादकडच्या डोंगरावरून एका मेंढपाळाचा फोन आला. आवाज वयस्कर. मागं मेंढ्या ओरडत होत्या.

"मॅडम, मी फायनलला व्हतो. दोघंच उरलो व्हतो. शेवटचा डाव. म्या पत्ते लावले, उघडे टाकून शो केला, 'शो बरोबर' असं आलं बी. अन् मंग ते गोल गोल फिराया लागलं. 'पुन्हा जोडत आहे', 'पुन्हा जोडत आहे'. मंग निसतं तेच."

"सर, स्क्रीनशॉट आहे का?"

"ते काय असतं?"

मी समजावलं, चिडून समजावलं. ते म्हणाले फोनच अडकला होता, कुठलंच बटण चालंना. शेवटी बंद करून पुन्हा चालू केला, तर खेळाचं टेबलच गायब.

"पन म्या आधी लिहून ठेवलं. बंद करायच्या आधीच. डावाचा नंबर अन् 'शो बरोबर' आलं तवाची येळ."

"कुठं लिहिलं?"

"दगडावर. मेंढ्यायला खूण कराया लाल रंग असतो ना आमच्याजवळ, त्यानं."

मी हसले. तोंडावर हात ठेवून नाही, मोठ्यानं हसले. शेजारची मुलगी वळून बघायला लागली इतकं.

त्यांनी तरीही दगडावरचं वाचून दाखवलं. एकेक आकडा, पोराला शिकवावा तसा हळू. मग वेळ: चार वाजून नऊ मिनिटं. मी डावाचा नंबर टाइप केला. वेळ केली नाही. रकान्यात लिहिलं: 'स्क्रीनशॉट उपलब्ध नाही.' दगड ही काय पुराव्याची जागा आहे का, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला पुढचा फोन घ्यायचा होता.

"किती टाइम लागंल?" त्यांनी विचारलं. "बक्षिसाच्या पैशात कडब्याचा टेम्पो येतोय. मेंढ्या हाडावर आल्यात."

"बहात्तर तासांत कळेल, सर." हेही पाठच होतं.

दुसऱ्या दिवशी डाव तपासणाऱ्या विभागाचा शेरा आला. सर्व्हर चार वाजून बारा मिनिटांनी पडला होता आणि पडताना शेवटच्या काही मिनिटांची नोंद लिहिलीच गेली नव्हती. म्हणजे शो झाला की नाही हे सर्व्हरला माहीत नाही. शेऱ्याखाली प्रश्न होता: 'खेळाडूनं सांगितलेली वेळ?' माझा रकाना रिकामा.

 नियमावली मी कधी नव्हे ती पूर्ण वाचली. आम्ही पाठ केलेल्या वाक्याखालीच लिहिलं होतं: रद्द होतो तो अपुरा डाव. बरोबर शो मान्य झाला की डाव संपला, निकाल लागला. नंतरचा बिघाड त्याला रद्द करू शकत नाही. चार नऊ आणि चार बारा. तीन मिनिटांचा सगळा खेळ होता, आणि ती तीन मिनिटं मी हसण्यावारी नेली होती.

मी टीम लीडरकडं गेले. तो शहागंजचा, बोलणं अर्धं दखनी.

"मालफंक्शन टाक, फी वापस कर, बंद कर. कायको डोकं खाती?"

"त्यांनी वेळ सांगितली होती. मी लिहिली नाही. आत्ता लिहू का?"

"आत्ता लिहिलं तर आजची तारीख पडंल. आज लिहिलेलं कोण मानतंय?"

बरोबर होतं त्याचं. तक्रारीतली नोंद खोडता येत नव्हती आणि मागच्या तारखेनं टाकताही येत नव्हती. पण कालचं एक जसंच्या तसं शिल्लक होतं. आमचा प्रत्येक फोन रेकॉर्ड व्हायचा, वेळेसकट. त्यांचा फोन चार पंधराला आला होता. बिघाडाची वेळ काय, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, त्यांना कुठून असणार? जे सांगितलं ते बघून सांगितलं.

रेकॉर्डिंग काढायचं म्हणजे लेखी अर्ज करायचा. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये माझं हसणं होतं. गिऱ्हाइकावर हसलं की सरळ घरी, हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

टीम लीडर म्हणाला तसं बिघाड दाखवून मी फी परत केली, तक्रार बंद केली आणि दोन दिवस अर्ज केला नाही. हे लिहायला लाज वाटते, पण दोन दिवस मी रोज डबा खाल्ला, रोज फोन घेतले. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा फोनवर आले, योगायोगानं माझ्याच लाइनवर. त्यांनी मला ओळखलं नाही.

"फी वापस आली, ती कशापायी? म्या जिकलोय." मग आवाज चढला. "चोर हाव तुम्ही समदे! तिथं एक बाई व्हती, तिला समदं सांगितलंय. येळ बी सांगितली. तिला इचारा!"

फोन ठेवून मी अर्ज लिहिला.

रेकॉर्डिंग टीम लीडरनं सगळ्यांसमोर लावलं, मुद्दाम. पंचवीस माणसांत माझं हसणं घुमलं, आणि त्यामागून तो हळू आवाज, चार वाजून नऊ मिनिटं. तपासणाऱ्या विभागानं मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, समोरच्या खेळाडूच्या फोनमधली नोंद मागवली. तिथं शो मान्य झालेला होता, चार नऊलाच. बक्षीस मंजूर झालं. मला महिनाअखेरपर्यंत यायला सांगितलं, नंतर नको.

निकाल कळवायचा फोन मीच मागून घेतला. मला वाटलं, निदान एवढं तरी चांगलं ऐकायला मिळेल.

"सर, तुमचं बक्षीस मंजूर झालंय. त्या दिवशी तुम्ही वेळ मला सांगितली होती. मीच ती."

मागं मेंढ्या ओरडत होत्या.

"मंग त्या दिशी हसल्या कशाला?"

"माफ करा, सर," मी म्हणाले. हेही पाठच होतं. त्यांनी वाट बघितली आणि फोन ठेवला. तो फोनही रेकॉर्ड झाला असणार.