दोन झाकणं, पाच लिटर पाणी

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, माझ्या खोलीपासून तिसऱ्या दाराआड राहणारी शेजारीण घोडपदेवच्या एका गाळ्यात लादी पुसायचं लिक्विड बनवते. सोबत दोन बायका आहेत. रंग हिरवा, वास गवती चहाचा, बाटली एक लिटरची. आधी ती साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. कारखाना मुंबईबाहेर गेला, ती गेली नाही.

गेल्या वर्षी तिने माल ऑनलाइन विकायचं ठरवलं आणि मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या कापण्याचं काम केलं, एवढीच माझी पात्रता होती.

"काका, हे लिस्टिंग भरून द्या. मराठी तुम्ही नीट करा, इंग्रजी माझी भाची करणार आहे."

तिने आधीच पुष्कळ लिहून ठेवलं होतं. पहिली ओळ होती, '९९.९ टक्के जंतूंचा नायनाट'.

"लॅबचा रिपोर्ट आहे?"

"नाही. पण सगळेच लिहितात."

"मग सगळ्यांना लिहू दे," असं म्हणून मी ती ओळ काढली. तिने हळहळ केली, वाद घातला नाही. नंतरचे तीन दिवस आम्ही एकेका रकान्यावर बसलो. प्रमाणाच्या रकान्यात तिने 'बादलीला दोन झाकणं' लिहिलं होतं. बादली केवढी, झाकण केवढं, याचा उल्लेख नव्हता. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा मापाचा कप आणून झाकण मोजलं. पंधरा मिली निघालं. मग ओळ अशी झाली: 'पाच लिटर पाण्यात दोन झाकणं (३० मिली). पुन्हा साध्या पाण्याने पुसण्याची गरज नाही.' एका बाटलीत तेहतीस बादल्या होतात, हा हिशोब तिचा तिनेच काढला आणि तो तिला इतका आवडला की तीन ठिकाणी लिहिला. मी दोन ठिकाणचा काढला.

कुठल्या लादीवर चालेल, हा पुढचा रकाना. आम्लता मोजायची पीएच पट्टी बुडवून पाहिली तर रंग सातच्या आसपास आला, म्हणजे माल ना आम्ल ना अल्कली. त्यामुळे मार्बल, ग्रॅनाइट, मोझॅक, विट्रिफाइड, शहाबादी, सगळं चालतं. पॉलिश न केलेलं लाकूड चालत नाही. सुरक्षिततेच्या सूचनांत मात्र मी काहीही कापलं नाही. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुवा. गिळल्यास उलटी करवू नका, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. ब्लीच किंवा संडास साफ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळू नका. शीतपेयाच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका.

ही शेवटची ओळ लिहिताना शेजारणीने मान वळवून व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे तिच्या सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाई गिरणीत रीळ खात्यात होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे. मालवणीत बोलतात आणि मला 'पेपरवाल्या' म्हणतात. घरची लादी त्याच पुसतात, ते काम त्यांनी सुनेला कधी दिलेलं नाही. दोन झाकणांची गोष्ट ऐकून त्या मागून म्हणाल्या, "दोन झाकणां? मुंग्यांका न्हाणी घालूची आसा काय?"

"आई, माप तेवढंच आहे. जास्त ओतलं तर चिकट होतं."

"फेस खंय येता? फेस नाय म्हणजे पाणी विकतंस तू."

"फेस मुद्दामच कमी ठेवलाय. फेस आला की तो काढायला परत पुसावं लागतं."

"मग मी पुसतंय ना. तुझे हात थोडेच मोडतत?"

त्यांचा दिनक्रम सगळ्या मजल्याला माहीत होता. बादलीत लिक्विडची धार सोडायची, फेस येईपर्यंत. तो येत नसल्यामुळे वरून भांड्यांचं लिक्विड घालायचं. मग लादी चपलांना धरून ठेवायची आणि त्या म्हणायच्या, सुनेच्या मालात दोष आहे.

लिस्टिंग सुरू झालं. महिना-दीड महिन्यात मोजके अभिप्राय आले, सगळे बरे. मग एक बातमी आली. लोअर परळच्या एका टॉवरच्या हाउसकीपिंग सुपरवायझरने लिस्टिंग पाहून विचारणा केली. दर महिन्याला पाच लिटरचे वीस कॅन. लॉबीत मार्बल होता आणि आधीच्या लिक्विडने तो निस्तेज पडत होता, म्हणून त्याने 'आम्लविरहित' ही ओळ वाचून फोन केला होता. हे काम मिळालं तर गाळ्यात तिसरी बाई ठेवता येणार होती. ती बाईही ठरली होती, खालच्या मजल्यावरची, नवरा आजारी असलेली. शेजारणीने तिला आधीच सांगून टाकलं होतं, हे मला फारसं शहाणपणाचं वाटलं नाही.

दोन दिवसांनी शेजारीण धावत आली. लिस्टिंगवर एक तारा पडला होता. खाली मजकूर:

'फेस येत नाही. दोन झाकणांत मुंग्यांची न्हाणी होते, लादीची नाही. मी अर्धी बाटली ओतली तेव्हा कुठे वास आला. लादी चिकटली. चप्पल निघून येते.'

"काका, बघा! सुपरवायझरने वाचलाय हा. म्हणाला, आधी हे काय आहे ते दाखवा, बुधवारी लॉबीत डेमो द्या. कुणी टाकला असेल? कुठल्यातरी कंपनीवाल्याने मुद्दाम टाकला असणार!"

मी तो मजकूर दोनदा वाचला. मुंग्यांची न्हाणी असं म्हणणाऱ्या व्यक्ती मुंबईत किती असतील, याचा अंदाज मला होता. त्याच वेळी व्हरांड्यात सासूबाई लसूण सोलत होत्या आणि जरा जास्तच मन लावून.

मी शेजारणीला काही सांगितलं नाही. सूत्राचं नाव उघड करायचं नाही, ही सवय जुनी आहे. शिवाय मला पुढे काय होतं ते पाहायचं होतं.

ती गेल्यावर मी खुर्ची व्हरांड्यात नेली.

"मावशी, बाटली कुठून आणलीत? घरात तर फुकट मिळते."

"ऑनलाइन मागवलंय. खरोखर घरपोच देतत काय ते बघूक."

"आणि मिळाली कुठे?"

"खाली पिठाच्या गिरणीवाल्याकडे ठेवून घेतली." त्यांनी लसणाची एक पाकळी भांड्यात टाकली. "घोडपदेवसून गेली भिवंडीक, भिवंडीसून इली चिंचपोकळीक. चालत गेलं असतंय तर धा मिनटांत आणली असती."

"आणि तो अभिप्राय?"

"मोबायलात बोललंय, तेणीच शुद्ध करून लिवल्यान." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "खोटा काय आसा तेच्यात? पेपरवाल्या, तूच सांग."

खोटं त्यात काहीच नव्हतं. अर्धी बाटली म्हणजे पाचशे मिली. सांगितलेल्या प्रमाणाच्या सोळा-सतरा पट. लादी चिकटणारच.

बुधवारी दुपारी आम्ही लोअर परळला गेलो. शेजारीण, तिची बादली, मापाचा कप, एक मॉप आणि मी. सासूबाई बोलावल्याशिवाय आल्या. "मी येतंय," एवढंच म्हणाल्या आणि टॅक्सीत पुढे बसल्या.

लॉबी मोठी होती. पांढरा मार्बल, त्यावर राखी रेघा. सुपरवायझर चाळिशीचा, हातात वही, चेहरा थकलेला. त्याने सरळ विषय काढला.

"मॅडम, तुमचं लिस्टिंग चांगलं आहे. पण हा एक तारा बघा. चिकट होतं म्हणतात. इथे म्हातारी माणसं चालतात, कुणी घसरलं किंवा अडखळलं तर माझी नोकरी जाते."

"सर, त्यांनी अर्धी बाटली ओतलीय. असं कोण करतं?"

"मी," सासूबाई म्हणाल्या.

शेजारणीच्या हातातला कप खाली पडला. प्लॅस्टिकचा होता, फुटला नाही.

"आई! तुम्ही? माझ्याच मालाला?"

"माल तुझो, पैशे माझे. मी गिऱ्हाईक."

सुपरवायझरने वही मिटली. "आजी, म्हणजे तो अभिप्राय तुमचा?"

"माझोच. आणि आज पण तसाच पुसून दाखवतंय. तिणी तिच्या मापान पुसूचा, मी माझ्या. मगे चप्पल घालून चालूचा."

शेजारणीचा चेहरा असा झाला होता की मी मध्ये पडून काही बोलणं योग्य नव्हतं. सुपरवायझरला ही कल्पना एकदम आवडली. त्याने मागच्या जिन्याजवळचे, सारख्या मापाचे दोन पट्टे दाखवले आणि येणारी-जाणारी माणसं अडवायला वॉचमनला उभं केलं. शेजारणीने पाच लिटर पाणी घेतलं, कपात तीस मिली मोजलं, मॉप घट्ट पिळून पहिला पट्टा पुसला. सासूबाईंनी दुसऱ्या बादलीत अर्धी बाटली उलटी केली, फेसाची वाट पाहिली, तो आला नाही म्हणून एक धार आणखी सोडली आणि कमरेत वाकून, बघणाऱ्या कुणालाही लाज वाटेल इतक्या नेटाने दुसरा पट्टा पुसला.

पंखे लावले. दहा-बारा मिनिटांनी पहिला पट्टा सुकला. त्यावरून सुपरवायझर बूट घालून चालला, काहीच झालं नाही. दुसरा पट्टा अजून ओलसर होता. तो सुकला तेव्हा त्यावर पांढुरक्या रेषा उमटल्या होत्या. सुपरवायझरने पाऊल टाकलं आणि उचललं. चर्रर्र असा आवाज आला. बुटाचा ठसा तसाच राहिला.

सासूबाईंनी चप्पल काढून पहिल्या पट्ट्यावर अनवाणी पाय ठेवला. मग दुसऱ्या पट्ट्यावर. पुन्हा पहिल्यावर. असं चार वेळा केलं.

"बरोबर आसा," त्या शेवटी म्हणाल्या. "माझा चुकला. पण माका कोणी सांगल्यान नाय की जास्त ओतला तर काय होता."

"आई, मी रोज सांगते!"

"तू सांगतंस. बाटलीर लिवलेला नाय."

मी त्या क्षणी लॉबीतल्या कुंडीकडे पाहिलं. बाटलीवरचा मजकूरही मीच तपासला होता आणि त्यात ते नव्हतं. किती घालायचं ते लिहिलं होतं. जास्त घातलं तर काय होतं ते लिहिलं नव्हतं. पुनरुक्ती नको म्हणून शेजारणीची तशी एक ओळ मीच कापली होती, हे आठवलं.

सुपरवायझर मात्र वेगळाच विचार करत होता. "मॅडम, माझ्याकडे सहा माणसं आहेत. सहाही आजींसारखीच ओततात. फेस दिसेपर्यंत. दर कॅनला मापाचा कप दोरीने बांधून द्या, आणि कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा. मग ऑर्डर नक्की. हा डाग आधी पुसून द्या."

डाग काढायला साध्या पाण्याच्या तीन बादल्या लागल्या. पुसला सासूबाईंनीच. टॅक्सीत सून पुढे बसली, सासू मागे माझ्या शेजारी. चिंचपोकळीचा पूल ओलांडताना सून वळून म्हणाली, "आता तो एक तारा तरी बदला."

"बघतंय."

खालच्या मजल्यावरची बाई पुढच्या सोमवारपासून गाळ्यात जाऊ लागली. तिचं पहिलं काम कॅनला दोरी बांधणं होतं.

आठवड्याने लिस्टिंगचा नवा मजकूर तपासायला माझ्याकडे आला. प्रमाणाखाली दोन ओळी वाढल्या होत्या. 'जास्त ओतल्यास लादी चिकट होते व पांढऱ्या रेषा येतात. तसं झाल्यास साध्या पाण्याने पुसा.' त्याखाली आणखी एक, शब्द कुणाचे ते मी ओळखले, फक्त प्रमाण मराठीत आणलेले: 'फेस येणार नाही. वाट बघू नका.'

मी एकही शब्द कापला नाही.

संध्याकाळी अभिप्राय पाहिले. एका ताऱ्याचे चार झाले होते. मजकूरही बदलला होता: 'माप पाळल्यास चांगलं. फेस अजून नाही.'