मिनिट्समध्ये भांडण नसतं

सिंगापूरमधल्या रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात मी कंपनी सेक्रेटरी होते. वुडलँड्सचा कारखाना बंद करायचा की नाही, यावरून त्या दिवशी बोर्डाच्या बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. सगळ्यात जास्त आवाज चढला तो आमच्या एका पुणेकर संचालकांचा. त्यांना कारखाना चालू ठेवायचा होता.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या मिनिट्सचा, म्हणजे इतिवृत्ताचा, मसुदा हातात घेऊन ते तणतणत माझ्या टेबलाशी आले.

"मी एवढा घसा फोडून बोललो, त्यातलं एक वाक्य नाही यात?"

"मिनिट्समध्ये भाषणं नसतात, सर. काय ठरलं आणि ते कोण करणार, एवढंच असतं."

"मग माझा विरोध तरी लिहा."

माझंही डोकं तापलं होतं. "अध्यक्षांनी शेवटी विचारलं होतं, कोणाचा विरोध नोंदवायचा आहे का? तेव्हा मी पेन उचलून तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही गप्प बसलात."

ते मसुद्याची पानं पुन्हा चाळू लागले.

"आणि तुमचं नाव आहे की यात," म्हणत मी जबाबदारीच्या रकान्यावर बोट ठेवलं. कारखाना बंद होतोय हे कामगारांना सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. बैठकीत त्यांनीच मान हलवून ते घेतलं होतं.