दुप्पट वजनाचं घर

बाबांना मी नमुना निवडीचं गणित समजावलं, तेव्हा त्यांना झालेला आनंद अजून डोळ्यांपुढे आहे. त्या आनंदाचीच आता जास्त लाज वाटते.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात आमच्याच गावात, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नळाच्या पाण्याची पाहणी करायचं काम माझ्या विभागाकडे आलं. कुठल्या भागात पाणी किती येतं, पुरतं का, लोक थेट नळाला मोटर लावून ओढतात का, हे शोधायचं होतं. नवी उंच टाकी एकच बांधायची होती आणि ती कुठे बांधायची हे या पाहणीवरून ठरणार होतं. विद्यार्थिनी घरोघर जाणार होत्या. मी महिनाभर माहेरी मुक्काम ठोकला.

बाबा निवृत्त गणिताचे शिक्षक. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. त्यांना शंका होती, "सगळ्या गावाचं विचारायचं तर सगळ्या गावात जायला नको? चार वॉर्ड बघून तुम्ही गावाचं काय सांगणार?"

मी अंगणात खडूने एक लांब रेघ ओढली. वॉर्ड क्रमाने घेतले आणि ज्या वॉर्डात जितकी घरं, तितका लांब तुकडा त्याला दिला. मोठ्या वॉर्डाचा तुकडा हातभर, छोट्याचा वीतभर. मग रेघेची एकूण लांबी हव्या तितक्या वॉर्डांनी भागली आणि आलेल्या अंतराएवढी सुतळी कापली. सुरुवात कुठून करायची ते चिठ्ठी काढून ठरवलं. तिथे एक चिंचोका ठेवला, मग सुतळी-सुतळीच्या अंतरावर पुढचे. चिंचोका ज्या तुकड्यावर पडला तो वॉर्ड निवडला.

"म्हणजे मोठ्या वॉर्डाला जास्त संधी. हा अन्याय नाही का?" बाबा म्हणाले.

"पुढे ऐका. निवडलेल्या प्रत्येक वॉर्डातून घरं सारखीच घ्यायची. मोठा असो की छोटा, आकडा एकच."

बाबा रेघेकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा फुलला. "मोठ्या वॉर्डाचा नंबर लागायची शक्यता जास्त, पण आत गेल्यावर एकेका घराची शक्यता कमी. छोट्याचं उलट. दोन्ही एकमेकांना काटतात. शेवटी गावातल्या प्रत्येक घराला संधी सारखीच!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "काय न्यायाचं गणित आहे!"

चार दिवस ते हेच सांगत होते. दूधवाल्याला सांगितलं, देवळाच्या पारावर सांगितलं. "निवडलेलं घर एकट्याचं बोलत नाही, न निवडलेल्या घरांच्या वतीनं बोलतं," हे माझं वर्गातलं वाक्य त्यांनी इतक्या ठसक्यात म्हणायला सुरुवात केली की मला ते त्यांचंच वाटू लागलं.

खरी निवड कॉम्प्युटरवर झाली. त्यात आमचा वॉर्ड निघाला. निघालेल्या वॉर्डांत पोरींनी प्रत्येक घरावर नंबर टाकत नवी घरमोजणी केली, तेव्हा अडचण कळली. वॉर्डाच्या आकाराचे आकडे आम्ही जुन्या जनगणनेतून घेतले होते. आमच्या वॉर्डात ओढ्यापलीकडे प्लॉट पडून वस्ती वाढली होती. घरं कागदावरच्या जवळजवळ दुप्पट निघाली.

तेही मी बाबांना सांगितलं, कारण विचारल्याशिवाय ते राहिले नसते. रेघेवर आपल्या वॉर्डाला तुकडा मिळाला जुन्या मापाचा, पण आत घरं दुप्पट. घ्यायची मात्र ठरलेली तितकीच. म्हणजे इथल्या एकेका घराची संधी निम्मी झाली. ते भरून काढायला या वॉर्डातल्या प्रत्येक उत्तराला हिशेबात दुप्पट वजन द्यायचं.

"म्हणजे इथला एक माणूस दोघांइतका."

"माणूस नाही, घर."

मग वॉर्डातल्या घरांची निवड झाली. यादीत एक घर, मग ठराविक अंतराची उडी, मग पुढचं घर. एक पाय पडला तो नेमका बाबांच्या दारावर. पुढची उडी मागची सगळी गल्ली ओलांडून ओढ्यापलीकडे गेली.

बाबांना लॉटरी लागल्यासारखं झालं. मला मात्र न्हाणीघर आठवलं.

आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक निळा टब कायम पालथा असतो. त्याखाली मोटर आहे. पाणी येतं आठ-दहा दिवसांनी, तेही तासभर, आणि बंदी असली तरी गल्लीत सगळेच ओढतात. बाबांनी लावली तेव्हा मी काही म्हणाले नव्हते. त्या पाण्याने मीही केस धुते. सगळेच ओढतात म्हणून पाइपाच्या टोकाला असलेल्या मागच्या गल्लीत नळाला नुसता फुसफुस आवाज येतो.

त्या गल्लीत एक मावशी राहतात. आई असताना तिच्या मैत्रीण होत्या. नळाच्या दिवशी दुपारी, पाणी जाऊन तास-दोन तास झाले की त्या दोन घागरी घेऊन येतात आणि बाबा त्यांना न्हाणीघरातल्या टाकीतून भरून देतात. कधी नाही म्हणाले नाहीत. जाताना मावशी दरवेळी म्हणतात, "सर, देव तुमचं भलं करो." आणि बाबा दरवेळी हात हलवून म्हणतात, "अहो, पाणीच आहे." मावशींच्याच नळाचं पाणी त्यांना उपकार म्हणून देणं माझ्या घरात वर्षानुवर्षं चालू आहे, आणि मी ते मायेचं म्हणून बघत आले.

स्वतःच्या घराची मुलाखत मी घेणं बरोबर नव्हतं. आमचा वॉर्ड मी सहकाऱ्याकडे दिला. आदल्या दिवशी बाबांना एवढंच म्हणाले, "नाव कुठे जात नाही. मोटर आहे तर आहे म्हणा. नाहीतर मुलाखत नको म्हणा, तो तुमचा हक्क आहे."

"मला शिकवतेस?" बाबा म्हणाले. विषय संपला.

दोन पोरी आल्या त्या नेमक्या नळाच्या दिवशी. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि तिथेच थांबले. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. पोरींना पाहून मावशीही नेहमीपेक्षा लवकर आल्या, घागरी घेऊनच. उंबऱ्याशी बसल्या.

"आमच्याकडं कावून आल्या न्हाई गं?" त्यांनी पोरींना विचारलं.

"मावशी, तुमचा नंबर नाही निघाला. सरांचा निघाला."

बाबांनी संधी सोडली नाही. "माझं उत्तर तुमच्याही वतीनं असतं. शास्त्र आहे ते."

"मंग झालं की," मावशी म्हणाल्या. "सर सांगतील तेच आमचं."

पोरीने विचारलं, "नळाला थेट मोटर लावता का?"

मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. दारात मावशी, समोर माझ्या विद्यार्थिनी. बाबांचा आवाज आला, वर्गात फळ्याजवळ यायचा तसा खणखणीत. "नाही."

"पाणी पुरतं?"

"पुरतं. नियोजन असलं की पुरतं."

मला लाज वाटली. खोटं बोलले म्हणून तर वाटलीच, पण त्याहून जास्त वाटली ती हे उत्तर नेमकं काय करणार हे कळल्यामुळे. मोटर नाही आणि पाणी पुरतं, म्हणजे पाइपाला दाब चांगला आहे. म्हणजे या भागाला टाकीची गरज नाही. आणि हे उत्तर दुप्पट वजनाचं.

तेवढ्यात नळ आला. न्हाणीघरात आधी हवा सुटली, मग धार पडली. शेजारच्या घरात मोटर सुरू झाली. मग समोरच्या. मग सगळी गल्ली घुमायला लागली. आमची धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग थेंब, आणि मग नुसता फुसफुस आवाज. बाबा हलले नाहीत. पोरींच्या पुढ्यात टब कसा उचलणार?

"आज तुमच्याकडं बी न्हाई का?" मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काळजी होती, बाबांची.

पोरीने चोरून माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप ठेवत होते. "सर, पुरतं असंच लिहू?"

"लिहा," बाबा म्हणाले. "आज काहीतरी बिघाड असेल."

तिने लिहिलं. मीच शिकवलं होतं, समोरचा सांगेल ते लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. पुढचे प्रश्न झाले, पोरी चहा पिऊन गेल्या. त्यांच्या नजरेला नजर द्यायचं मी टाळलं.

मावशी उठल्या नाहीत. घागरी रिकाम्या होत्या. "थोडं वाट बघते. घरात प्यायला बी न्हाई," म्हणाल्या.

टाकीचा तळ दिसत होता. बाहेर मोटरी घुमत होत्या, आणि पाणी फार तर अर्धा तास टिकलं असतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे असं बघत होते, की काय करू ते तू सांग. मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. मी न्हाणीघरात गेले, टब उचलला आणि बटण दाबलं.

मोटर घरघरली. नळाला मनगटाएवढी धार लागली.

मावशी दारातून आत आल्या. मोटरकडे बघितलं, टबाकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी बोलतील, त्यांनी बोलावं असंही वाटलं. त्या खाली बसल्या आणि दोन्ही घागरी धारेखाली धरून भरल्या. पाणी तर लागतंच. बाबा बाहेर खुर्चीत तसेच बसून होते, सदऱ्याची इस्त्री न मोडता.

एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेऊन त्या त्यांच्यासमोरून निघाल्या. देव भलं करो म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यापाशी मात्र माझ्याकडे वळल्या.

"पोरी, मघाशी सर म्हनले, पानी पुरतं. ते आमच्या घराचं बी लिवलं गेलं का?"

"हो, मावशी," मी म्हणाले.

दुसरं काय सांगणार? तेच खरं होतं. त्यांनी मान हलवली आणि घागरी सांभाळत पायऱ्या उतरल्या. मागे बाबांनी न्हाणीघरात जाऊन मोटर बंद केली. टाकी अजून अर्धीही भरली नव्हती.